एक्सेलमधील NPV फंक्शन पहिल्याच रकमेला वटाव लावते तेव्हा: कारण, दुरुस्ती आणि पडताळणी

लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल तपासण्याचे काम करताना एक चूक माझ्यासमोर इतक्या वेळा आली आहे की, हल्ली अहवाल हाती आल्यावर मी आधी नफ्याचा आकडा पाहत नाही, तर तो आकडा ज्या पेशीत आहे त्या पेशीतील सूत्र पाहतो. निव्वळ वर्तमान मूल्य काढण्यासाठी एक्सेलमध्ये `NPV` हे तयार फंक्शन आहे. अहवाल तयार करणारा माणूस आज करायच्या गुंतवणुकीपासून शेवटच्या वर्षापर्यंतचे सर्व रोखप्रवाह एकाखाली एक लिहितो आणि तो संपूर्ण पट्टा या फंक्शनच्या हवाली करतो. कोणताही त्रुटीसंदेश येत नाही आणि उत्तर पटण्याजोगे दिसते, तरीही ते चुकीचे असते.

नेमके काय होते हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका गृहउद्योगाला शेंगदाणा व करडईच्या तेलासाठी लाकडी घाणा बसवायचा आहे. घाणा, मोटार, गाळणयंत्र आणि उभारणी असा आजचा एकूण खर्च १०,००,००० रुपये आहे. त्यानंतरच्या पाच वर्षांत सर्व खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम अनुक्रमे ३,२०,०००, ३,६०,०००, ३,८०,०००, ३,८०,००० आणि ३,४०,००० रुपये असेल, असा अंदाज आहे. शेवटच्या वर्षाच्या रकमेत जुना घाणा विकून येणारे पैसे धरले आहेत. वटावाचा दर १२ टक्के घेऊ.

पत्रकात `B1` मध्ये दर आहे, `A4` ते `A9` मध्ये ० ते ५ ही वर्षे आहेत आणि `B4` ते `B9` मध्ये रकमा आहेत. गुंतवणूक बाहेर जाणारी रक्कम असल्यामुळे `B4` मध्ये ती ऋण चिन्हासह, म्हणजे `-1000000` अशी लिहिली आहे. यानंतर बहुतेक जण पुढील सूत्र लिहितात.

```
=NPV(B1,B4:B9)
```

याचे उत्तर २,४७,८५९ रुपये येते. खरे उत्तर मात्र २,७७,६०३ रुपये आहे. जवळजवळ तीस हजार रुपयांचा हा फरक कोठून आला?

फंक्शनच्या दृष्टीने यादीतील पहिली रक्कम आजची नसते, तर पहिल्या कालखंडाच्या अखेरची असते. त्यामुळे ते पहिल्या रकमेला १.१२ ने एकदा भागते, दुसरीला दोनदा, तिसरीला तीनदा आणि असेच पुढे जाते. आपण मात्र पहिली रक्कम म्हणून आज द्यायचे दहा लाख रुपये लिहिलेले असतात. आज दिलेल्या पैशाला कसलाही वटाव लागत नाही; दहा लाखांचे आजचे मूल्य दहा लाखच असते. फंक्शन ते ८,९२,८५७ रुपये धरते. त्याच वेळी पुढची प्रत्येक रक्कमही एकेक वर्ष मागे ढकलली जाते. पहिल्या वर्षअखेरीस मिळणारे ३,२०,००० रुपये जणू दुसऱ्या वर्षअखेरीस मिळणार आहेत, असा हिशोब होतो.

हा फंक्शनमधील दोष आहे असे काही जण मानतात, पण तसे नाही. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावरच स्पष्ट म्हटले आहे की, पहिली रक्कम पहिल्या कालखंडाच्या सुरुवातीला येत असेल, तर ती यादीत न घालता उत्तरात वेगळी मिळवावी. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क यांतील याच नावाचे फंक्शनही असेच वागते, त्यामुळे पत्रक तिकडे नेल्याने प्रश्न सुटत नाही. माझ्या मते खरी अडचण नावात आहे. निव्वळ वर्तमान मूल्य असे नाव असले, तरी हे फंक्शन भविष्यातील रकमांचे केवळ वर्तमान मूल्य काढते. त्यातून आजची गुंतवणूक वजा करून ते निव्वळ करण्याचे काम आपल्यावर सोडलेले असते.

दुरुस्ती त्यामुळे सोपी आहे. आजची रक्कम फंक्शनच्या बाहेर ठेवावी आणि पट्टा एक ओळ खाली सुरू करावा.

```
=B4+NPV(B1,B5:B9)
```

येथे `B5:B9` या पाच रकमांचे वर्तमान मूल्य १२,७७,६०३ रुपये येते आणि त्यात उणे १०,००,००० मिळवल्यावर २,७७,६०३ उरतात. अधिक चिन्ह पाहून काही जण बिचकतात आणि गुंतवणूक वजा करायला हवी म्हणून `-B4` लिहितात. पेशीत रक्कम आधीच ऋण असल्यामुळे त्या सूत्राने दहा लाख वजा होण्याऐवजी मिळवले जातात आणि उत्तर २२,७७,६०३ येते. हा आकडा इतका मोठा असतो की ती चूक बहुधा लगेच लक्षात येते.

अर्धवट केलेली दुरुस्ती याहून अधिक फसवी असते. पहिली रक्कम बाहेर मिळवावी एवढे लक्षात ठेवून माणूस सूत्राच्या सुरुवातीला `B4` जोडतो, पण पट्टा मात्र `B4:B9` असाच राहू देतो. मग गुंतवणूक दोनदा मोजली जाते, एकदा पूर्ण आणि एकदा वटाव लावून, आणि या घाण्याचे उत्तर उणे ७,५२,१४१ येते. एका अहवालात मी हे स्वतः पाहिले आहे. चांगला प्रकल्प केवळ या एका अक्षरामुळे तोट्याचा दाखवला गेला होता, आणि अर्जदाराला त्याचे कारण कोणीही सांगू शकत नव्हते. त्यामुळे दुरुस्ती केल्यावर सूत्र असलेल्या पेशीवर दोनदा क्लिक करावे. सूत्रात आलेल्या पेशींभोवती रंगीत चौकटी दिसतात. `B4` भोवती एक चौकट आणि `B5` ते `B9` भोवती दुसरी चौकट असली पाहिजे, आणि त्या दोन्ही कोठेही एकमेकींवर येता कामा नयेत.

आता मूळ चुकीकडे परत जाऊ, कारण ती वर्षानुवर्षे का टिकून राहते हे समजून घेण्यासारखे आहे. चुकीच्या सूत्रात प्रत्येक रक्कम एकेक कालखंड मागे जाते, म्हणजेच संपूर्ण बेरजेला १.१२ ने भागले जाते. २,७७,६०३ ला १.१२ ने भागून पाहा, बरोबर २,४७,८५९ येतात. धन संख्येला १.१२ ने भागले तर ती धनच राहते आणि ऋण संख्या ऋणच राहते. प्रकल्प स्वीकारावा की नाही, एवढाच प्रश्न असेल, तर चुकीचे सूत्रही बरोबर कौल देते. निर्णय चुकत नाही, म्हणून सूत्र कोणी तपासत नाही.

अंतर्गत परतावा दर काढून पडताळणी करण्याचा मार्गही येथे उपयोगी पडत नाही, आणि ही गोष्ट अनुभवी माणसांच्याही लक्षात येत नाही. `IRR` हे फंक्शन यादीतील पहिली रक्कम आजचीच धरते, म्हणून `=IRR(B4:B9)` असे संपूर्ण पट्ट्यासह लिहिणे योग्य आहे. आपल्या उदाहरणात तो दर सुमारे २२.५ टक्के येतो. हा दर वापरल्यावर निव्वळ वर्तमान मूल्य शून्य आले की सूत्र बरोबर आहे, असे समजले जाते. पण शून्याला कशानेही भागले तरी शून्यच उरते. त्यामुळे चूक असलेले सूत्रही या परीक्षेत उत्तीर्ण होते. एकाच पट्ट्यावर एक फंक्शन आजपासून मोजते आणि शेजारचे फंक्शन एक वर्षानंतरपासून मोजते, ही विसंगती मनात पक्की बसवून ठेवण्याखेरीज गत्यंतर नाही.

मग नुकसान कोठे होते? जेथे नुसते चिन्ह नव्हे, तर आकडाच वापरला जातो तेथे. समजा, त्याच उद्योगाने घाण्याऐवजी मसाला कांडपाचे यंत्र घेण्याचाही विचार केला आहे आणि त्याचे पत्रक दुसऱ्या कोणीतरी बरोबर सूत्राने तयार केले असून निव्वळ वर्तमान मूल्य २,६०,००० रुपये आले आहे. घाण्याचा आकडा चुकीच्या सूत्राने २,४७,८५९ दिसत असेल, तर कांडप यंत्र सरस ठरते. प्रत्यक्षात २,७७,६०३ रुपयांचा घाणा सरस आहे. दोन्ही पत्रके एकाच पद्धतीने चुकली असती, तर निदान क्रम तरी बरोबर राहिला असता. भागीदारीतील हिस्सा विकताना किंवा चालू व्यवसायाची किंमत ठरवतानाही हाच प्रश्न येतो, कारण तेथे फरकाची रक्कम सरळ एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाते.

चूक पुन्हा होऊ नये यासाठी मी पत्रकाची मांडणीच बदलली आहे आणि तयार फंक्शनला उत्तर देणाऱ्याऐवजी पडताळणी करणाऱ्याची जागा दिली आहे. वर्ष आणि रक्कम या दोन स्तंभांच्या शेजारी `C` स्तंभात वटाव गुणक आणि `D` स्तंभात प्रत्येक रकमेचे वर्तमान मूल्य काढावे. चौथ्या ओळीत पुढील दोन सूत्रे लिहून ती नवव्या ओळीपर्यंत ओढावीत.

```
C4:  =1/(1+$B$1)^A4
D4:  =B4*C4
```

दराच्या पेशीला डॉलर चिन्हे लावणे विसरू नये, नाही तर सूत्र खाली ओढताना दराची पेशीही खाली सरकते. `C4` मध्ये गुणक नेमका १ दिसला पाहिजे, कारण घातांक शून्य आहे. आजच्या रकमेला वटाव लागलेला नाही, याचा पुरावा येथे डोळ्यांसमोर राहतो, आणि तयार फंक्शनमध्ये नेमकी हीच गोष्ट झाकलेली असते. `C5` मध्ये ०.८९२९ आणि `C9` मध्ये ०.५६७४ येईल. त्यानंतर बेरीज, फंक्शनचे उत्तर आणि दोहोंतील फरक असे तीन आकडे मांडावेत.

```
D10:  =SUM(D4:D9)
B12:  =B4+NPV(B1,B5:B9)
B13:  =ROUND(B12-D10,2)
```

`B13` मध्ये शून्य असेल, तर दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले आहे. शून्य नसेल, तर पुढे जाण्याआधी कारण शोधावे.

ही पडताळणी आणखी एक चूक पकडते आणि ती मूळ चुकीपेक्षा घातक आहे, कारण तिच्यामुळे चिन्हही बदलू शकते. पट्ट्यातील रिकामी पेशी `NPV` शून्य धरत नाही. ती पेशी अस्तित्वातच नाही असे समजून पुढच्या सर्व रकमा एक जागा पुढे ओढून घेते. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी जागा बदलायची असल्यामुळे घाणा बंद राहणार आहे आणि त्या वर्षी काहीही उत्पन्न नाही, असे समजा. पत्रक भरणाऱ्याने `B6` रिकामी सोडली. फंक्शन तिसऱ्या वर्षाचे ३,८०,००० रुपये दुसऱ्या वर्षात, चौथ्याचे तिसऱ्यात आणि पाचव्याचे चौथ्यात धरते. सूत्र बरोबर असूनही उत्तर अधिक ७५,२०१ रुपये येते. खरे उत्तर उणे ९,३८७ आहे, म्हणजे तोट्याचा प्रकल्प फायद्याचा ठरतो. `D` स्तंभातील गुणाकारात मात्र रिकाम्या पेशीचे मूल्य शून्य धरले जाते आणि पुढच्या रकमांचे गुणक त्यांच्या वर्षाशीच बांधलेले राहतात, त्यामुळे `D10` मध्ये खरा आकडा येतो आणि `B13` मध्ये ८४,५८७.८२ हा फरक उघडा पडतो.

उत्पन्न नसलेल्या वर्षी शून्य टंकित करावे, एवढाच यावर उपाय आहे. रिकाम्या पेशीऐवजी आडवी रेघ टंकित केली, तरी परिणाम तोच होतो, कारण पट्ट्यातील मजकूरही फंक्शन वगळते. येथे डोळ्यांवर विसंबून राहता येत नाही: हिशोबी स्वरूपण लावलेल्या पेशीत खरे शून्यही आडव्या रेघेसारखेच दिसते. टंकित केलेली रेघ असेल, तर `D` स्तंभात त्या ओळीत `#VALUE!` उमटते, आणि मला ते हवेच असते; चुकीचा आकडा मुकाट्याने येण्यापेक्षा हिशोब अडलेला बरा. याशिवाय `=COUNT(B4:B9)` हे सूत्र एका कोपऱ्यात ठेवावे. ते केवळ संख्या मोजते. सहा ओळींसाठी उत्तर ६ आले नाही, तर एखादी पेशी रिकामी आहे किंवा दुसऱ्या प्रणालीतून चिकटवलेली एखादी रक्कम मजकूर म्हणून साठवली गेली आहे.

स्वतःच्या गुणक स्तंभाचा आणखी एक लाभ असा की, वर्षअखेरीचे गृहीतक सोडता येते. तेलाची विक्री वर्षभर होते, ३१ मार्चला एकदम नाही. तेव्हा रकमा सरासरीने वर्षाच्या मध्यावर येतात असे धरायचे असेल, तर `A5` ते `A9` मध्ये १, २, ३ ऐवजी ०.५, १.५, २.५ असे आकडे लिहावेत. गुणक आपोआप बदलतात आणि घाण्याचे निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे ३,५२,००० रुपये होते. अशा वेळी `B13` मधील फरक शून्य राहणार नाही, कारण `NPV` ला वर्षअखेरीखेरीज दुसरी वेळ ठाऊक नाही. ही मांडणी वापरल्यास पत्रकावर तसे ठळक लिहून ठेवावे, अन्यथा पुढचा तपासनीस फरक पाहून बरोबर आकडाच बदलेल.

रकमांच्या तारखा निश्चित असतील, तर `XNPV` वापरणे सोयीचे आहे, आणि त्याचा नियम याच्या उलट आहे. ते पहिल्या तारखेला आरंभबिंदू मानते आणि त्या तारखेच्या रकमेला वटाव लावत नाही. म्हणून त्याला गुंतवणुकीसह संपूर्ण पट्टा द्यावा. `NPV` ची सवय झालेला माणूस येथेही पहिली रक्कम बाहेर काढतो. मग पहिली आवक आरंभबिंदू ठरते आणि तिला वटावच लागत नाही. समजा, तारखा `E4:E9` मध्ये आहेत.

```
=XNPV(B1,B4:B9,E4:E9)
```

१ एप्रिल २०२५ पासून दरवर्षी १ एप्रिलच्या तारखा घेतल्या, तर उत्तर आपल्या २,७७,६०३ पेक्षा दोनशे-सव्वादोनशे रुपयांनी कमी येईल. ती चूक नव्हे. हे फंक्शन वर्ष ३६५ दिवसांचे धरते आणि २०२८ च्या फेब्रुवारीत एक दिवस जास्त आहे, त्यामुळे तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रकमेला एका दिवसाचा वटाव अधिक लागतो. मूल्यांकन पहिल्या रकमेच्या आधीच्या एखाद्या तारखेचे हवे असेल, तर सुरुवातीला ती तारीख आणि तिच्यासमोर शून्य रक्कम अशी ओळ घालावी.

भाड्याच्या हिशोबात हीच चूक वेगळ्या रूपात येते. गाळ्याचे भाडे महिन्याच्या सुरुवातीला द्यायचे असते, पण `PV` हे फंक्शन काही सांगितले नाही तर हप्ता महिनाअखेरीस आहे असे धरते. दरमहा २५,००० रुपये, ३६ महिने आणि महिना १ टक्का दर असताना त्याचे उत्तर सुमारे ७,५२,७०० रुपये येते. शेवटच्या जागी १ लिहून हप्ता आगाऊ आहे असे सांगितले की ते सुमारे ७,६०,२०० होते.

```
=PV(1%,36,-25000,0,1)
```

मासिक हिशोबात एका कालखंडाची चूक एकाच टक्क्याची असते, म्हणून केवळ आकड्याकडे पाहून ती कोणाच्याही ध्यानात येणार नाही. येथे सूत्र वाचावेच लागते.

जुनी पत्रके दुरुस्त करायची असतील, तर `Ctrl+F` दाबून शोधण्यासाठी `NPV(` लिहावे. चौकटीतील पर्याय उघडून शोध सूत्रांमध्ये आणि एका पानाऐवजी संपूर्ण कार्यपुस्तिकेत घ्यावा, आणि सर्व जागा दाखवणारे बटण दाबावे. खाली येणाऱ्या यादीत प्रत्येक पेशीचे सूत्रही दिसते. या शोधात `XNPV(` असलेल्या पेशीही सापडतील. त्यांना हात लावण्याआधी वरचा उलटा नियम आठवावा. प्रत्येक ठिकाणी पट्ट्यातील पहिली पेशी कोणत्या दिवसाची रक्कम आहे, हा एकच प्रश्न विचारावा. ती आजची असेल, तरच सूत्र बदलावे. यादीतील पहिली रक्कम खरोखरच एक वर्षानंतरची असेल, उदाहरणार्थ आधीच उभ्या असलेल्या व्यवसायाच्या केवळ पुढील उत्पन्नाचे मूल्य काढले असेल, तर `NPV` तेथे जसे आहे तसे बरोबर आहे, आणि ऐकीव नियम म्हणून पहिली रक्कम बाहेर काढल्यास नवी चूक निर्माण होईल.

कधीकधी अहवालाची छापील प्रतच हाती असते आणि मूळ फाइल मिळत नाही. तेव्हा आकडा चुकीच्या सूत्राने आल्याची खात्री झाल्यास त्याला एक अधिक दराने, येथे १.१२ ने, गुणले की खरा आकडा मिळतो. मात्र ही सुधारणा सर्व वर्षांच्या पेशी भरलेल्या असतील तेव्हाच लागू पडते. मधले एखादे वर्ष रिकामे राहिले असेल, तर कोणत्याही एका गुणकाने उत्तर सुधारत नाही, आणि प्रत्येक रक्कम तिच्या वर्षासमोर मांडून हिशोब नव्याने करावा लागतो.